प्रति युनिट सौर वीज करार

प्रति युनिट सौर वीज करार हा उद्योग किंवा व्यापारी आस्थापना आणि सौर ऊर्जा कंपनी यांच्यातील दीर्घ मुदतीचा करार आहे. या करारानुसार कंपनी आस्थापनेच्या छतावर किंवा आवारात स्वतःच्या खर्चाने सौर संच उभारते, त्याची मालकी व देखभाल स्वतःकडे ठेवते आणि निर्माण झालेली वीज ठरलेल्या दराने त्याच आस्थापनेला विकते. आस्थापनेला सुरुवातीचे भांडवल गुंतवावे लागत नाही. दरमहा जितके युनिट मिळतील तितक्यांचे पैसे ती भरते. भारतात ही पद्धत ‘रेस्को मॉडेल’ किंवा ‘ओपेक्स मॉडेल’ या नावांनी ओळखली जाते. आस्थापनेने स्वतः पैसे घालून संच विकत घेण्याच्या पद्धतीला ‘कॅपेक्स मॉडेल’ म्हणतात. युनिटऐवजी संचाचे ठरावीक मासिक भाडे आकारले गेल्यास तो सौर संच भाडेकरार होतो.

या लेखात संच उभारणाऱ्या कंपनीला ‘विकासक’ आणि वीज घेणाऱ्या आस्थापनेला ‘ग्राहक’ म्हटले आहे.

## स्वरूप

करार साधारणतः १५ ते २५ वर्षांचा असतो. विकासक छताची पाहणी करून आराखडा करतो, आवश्यक परवानग्या घेतो, कर्ज उभारतो आणि संच बसवतो. संचाची वीज मोजण्यासाठी वीज वितरण कंपनीच्या मीटरखेरीज एक स्वतंत्र निर्मिती मीटर बसवला जातो. दर महिन्याला दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत त्याचे वाचन होते व त्यावरून विकासक बिल काढतो. सौर वीज पुरेशी नसेल तेव्हा व रात्री लागणारी वीज पूर्वीप्रमाणेच वितरण कंपनीकडून येते. त्यामुळे ग्राहकाला दर महिन्याला दोन बिले येतात.

महाराष्ट्रात आणि दख्खनच्या पठारावर एक किलोवॅट क्षमतेच्या संचापासून वर्षाकाठी सुमारे १३०० ते १५०० युनिट वीज मिळते. एका किलोवॅटसाठी साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा धरली जाते. उत्पादन वर्षभर सारखे नसते. मार्च ते मे या महिन्यांत ते सर्वाधिक असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी ढगांमुळे बरेच खाली येते. शिवाय पॅनेलची क्षमता दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटत जाते.

मालकी विकासकाकडे असल्यामुळे मालकीचे लाभही त्यालाच मिळतात. भारतात सौर संचावर प्राप्तिकरासाठी ४० टक्के दराने घसारा धरता येतो. ही सवलत रेस्को पद्धतीत विकासक घेतो. करपात्र नफा असलेल्या उद्योगाने ‘भांडवल लागत नाही’ या सोयीची तुलना करताना ही सोडून द्यावी लागणारी करसवलतही हिशेबात धरणे आवश्यक असते.

## उगम आणि प्रसार

तिसऱ्या पक्षाच्या मालकीचा संच आणि युनिटनुसार विक्री ही पद्धत व्यापारी प्रमाणावर अमेरिकेत रुजली. जिगर शाह यांनी २००३ मध्ये स्थापन केलेल्या सनएडिसन या कंपनीने ती दुकाने व व्यापारी इमारतींच्या छतांवर राबवली. २००६ मध्ये स्थापन झालेल्या सोलरसिटी या कंपनीने निवासी घरांसाठी भाडेकराराचा मोठा प्रसार केला. अमेरिकेतील काही राज्यांत वीज कंपनीखेरीज इतरांना ग्राहकाला वीज विकता येत नाही. तेथे युनिटनुसार विक्रीऐवजी संच भाड्याने देण्याचा मार्ग वापरला गेला.

भारतात दिल्ली मेट्रोने २०१४ मध्ये द्वारका सेक्टर २१ स्थानकावर ५०० किलोवॅटचा संच रेस्को पद्धतीने उभारून घेतला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छतावरील अपारंपरिक ऊर्जेविषयीच्या विनियमांनुसार संच ग्राहकाच्या किंवा तिसऱ्या पक्षाच्या मालकीचा असू शकतो. त्यामुळे औद्योगिक वसाहतींतील कारखाने, शीतगृहे, रुग्णालये व शिक्षणसंस्था यांना हा मार्ग खुला आहे.

## दराची तुलना

विकासकाचा प्रस्ताव बहुधा ‘सध्या प्रति युनिट इतके रुपये पडतात, आमचा दर इतका’ अशा रूपात मांडला जातो. या तुलनेतील पहिला आकडा कसा काढला आहे, यावर संपूर्ण व्यवहाराचा नफा-तोटा अवलंबून असतो.

एकूण बिलाला वापरलेल्या युनिटांनी भागले की सरासरी दर मिळतो. मात्र बिलातील सर्व रकमा युनिटांशी बांधलेल्या नसतात. स्थिर आकार किंवा मागणी आकार हा मंजूर भारावर अथवा कमाल मागणीवर ठरतो. सौर संच बसवल्याने तो फारसा कमी होत नाही, कारण एखाद्या ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी कारखान्याला पूर्ण भार वितरण कंपनीकडूनच घ्यावा लागतो. सौर वीज वापरल्याने जे खरोखर वाचतात ते वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्या रकमांवरील वीज शुल्क. यांच्या प्रति युनिट बेरजेला ‘टळणारा दर’ म्हणता येईल. विकासकाच्या दराची तुलना सरासरी दराशी न करता टळणाऱ्या दराशी करावी लागते.

टळणारा दर दिवसभर एकसारखा नसतो. केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ मध्ये दुरुस्ती करून वेळेनुसार बदलणाऱ्या दरांची तरतूद केली. तीनुसार सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज सामान्य दरापेक्षा स्वस्त आणि संध्याकाळच्या मागणीच्या तासांतील वीज महाग ठेवायची आहे. १० किलोवॅट व त्याहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही त्याची मुदत होती. सौर संच ज्या तासांत वीज देतो, नेमक्या त्याच तासांत वितरण कंपनीची वीज स्वस्त होत असल्याने टळणारा दर घटतो. हा बदल होण्यापूर्वी केलेल्या अंदाजपत्रकांतील बचत त्यामुळे जशीच्या तशी धरता येत नाही.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून हिशेबाची रीत स्पष्ट करण्यासाठी दिले आहे. एका औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योगाचा मंजूर भार १२५ किलोवॅट आहे. विकासक १०० किलोवॅटचा संच २० वर्षांसाठी देऊ करतो. पहिल्या वर्षीचा दर प्रति युनिट ५ रुपये असून तो दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल. संचाचे वार्षिक उत्पादन १,४०,००० युनिट अपेक्षित आहे. उद्योगाचा सरासरी दर १०.५० रुपये आहे.

| तुलनेचा आधार | दर (रुपये) | प्रति युनिट बचत (रुपये) | वार्षिक बचत (रुपये) |
|---|---|---|---|
| सरासरी दर | १०.५० | ५.५० | ७,७०,००० |
| टळणारा दर | ८.०० | ३.०० | ४,२०,००० |
| दिवसाची १५ टक्के सवलत वजा करून टळणारा दर | ६.८० | १.८० | २,५२,००० |

प्रस्तावात दाखवलेली बचत ७ लाख ७० हजारांची असली, तरी दराची योग्य तुलना केल्यावर ती अडीच लाखांवर येते. तीही सर्व युनिट वापरले गेले तरच मिळते. हा उद्योग आठवड्यातून एक दिवस बंद असतो, असे धरू. वर्षातील अशा ५२ दिवसांत सुमारे २०,००० युनिट निर्माण होतात. त्या दिवशी वीज वापरणारे यंत्र नाही आणि जादा वीज वितरण कंपनीकडे जमा करण्याची सोय, म्हणजे नेट मीटरिंग, घेतलेली नाही. करारात मात्र ‘निर्माण झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या सर्व युनिटांचे पैसे द्यावे लागतील’ असे कलम आहे. अशा स्थितीत वापरलेल्या १,२०,००० युनिटांवर २,१६,००० रुपये वाचतात, पण न वापरलेल्या २०,००० युनिटांचे १,००,००० रुपये द्यावे लागतात. हाती १,१६,००० रुपये राहतात.

नेट मीटरिंग असते तर सुट्टीच्या दिवसाचे युनिट ग्राहकाच्या खात्यात जमा होऊन हा तोटा टळला किंवा बराच कमी झाला असता. केंद्राच्या नियमांत २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार यांपैकी जे कमी असेल तेवढ्या क्षमतेपर्यंत नेट मीटरिंगची तरतूद आहे. जमा झालेले युनिट दिवसाच्या कोणत्या तासांतील वापरातून वजा होणार, हे मात्र राज्य आयोगाच्या आदेशांवर ठरते. असे आदेश कराराच्या २० वर्षांत अनेकदा बदलू शकतात.

वार्षिक दरवाढीचा परिणाम पुढच्या वर्षांत दिसतो. दरवर्षी ३ टक्के वाढ धरल्यास ५ रुपयांचा दर अकराव्या वर्षी ६.७२, बाराव्या वर्षी ६.९२ आणि विसाव्या वर्षी ८.७७ रुपये होतो. वितरण कंपनीचा दिवसाचा दर ६.८० रुपयांवरच राहिला, तर बाराव्या वर्षापासून सौर वीज महाग पडू लागते. तोच दर दरवर्षी २ टक्क्यांनी वाढत गेला, तर बाराव्या वर्षी तो ८.४५ रुपये होतो आणि प्रति युनिट १.५३ रुपयांची बचत शिल्लक राहते. करारातील दरवाढ निश्चित असते, वितरण कंपनीच्या दराची वाढ अनिश्चित असते. या पद्धतीतील दराची जोखीम या फरकात आहे.

## भाडेकराराचा प्रकार

भाडेकरारात ग्राहक उत्पादनाशी संबंध नसलेली ठरावीक रक्कम दरमहा देतो. वरील संचाचे भाडे महिना ५०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६ लाख रुपये ठरले, असे समजू. वर्षभरात १,४०,००० युनिट मिळाले तर एक युनिट सुमारे ४.२९ रुपयांना पडते. धूळ साचल्याने किंवा एखादा इन्व्हर्टर बंद राहिल्याने उत्पादन २० टक्क्यांनी घटून १,१२,००० युनिटांवर आले, तर तेच युनिट ५.३६ रुपयांना पडते. पावसाळ्यात उत्पादन घटते, भाडे मात्र तेवढेच राहते.

युनिटनुसार करारात संच बंद राहिल्यास विकासकाचे उत्पन्न बुडते. म्हणून तो चालू ठेवण्यात त्याचे हित असते. भाडेकरारात हे हितसंबंध उलटतात आणि उत्पादनाची जोखीम ग्राहकाकडे येते. वार्षिक किमान उत्पादनाची लेखी हमी व ती न पाळल्यास भाड्यातून वजावट, ही कलमे त्यामुळे भाडेकरारात अनिवार्य मानली जातात. करआकारणीतही फरक आहे. वीजविक्री वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, तर संचाच्या भाड्यावर हा कर लागू होतो. ज्या आस्थापनांना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, उदाहरणार्थ अनेक रुग्णालये व शाळा, त्यांच्यासाठी ही रक्कम पूर्ण खर्च ठरते.

## कराराच्या मुख्य अटी

### दरवाढ व दराची कमाल मर्यादा

वीस वर्षे स्थिर राहणारा दर, दरवर्षी वाढणारा दर आणि वितरण कंपनीच्या दरापेक्षा ठरावीक टक्क्यांनी कमी राहणारा दर असे तीन प्रकार आढळतात. तिसऱ्या प्रकारात ग्राहकाची बचत सुरक्षित असते. मात्र विकासक बहुधा त्याला एक किमान दर जोडतो आणि त्याखाली उतरत नाही. पहिल्या दोन प्रकारांत ‘करारदर हा त्या वर्षीच्या दिवसाच्या टळणाऱ्या दरापेक्षा किमान इतके टक्के कमी राहील’ अशी मर्यादा घालून घेतल्यास बाराव्या वर्षासारखी स्थिती टाळता येते. ‘वितरण कंपनीचा दर’ या शब्दांची व्याख्या करारातच असावी लागते. सरासरी दर की दिवसाचा वीज आकार, यावरून पुढे वाद उद्भवतात.

### किमान खरेदी व मानीव उत्पादन

विकासकाचे कर्ज नियमित उत्पन्नावर फिटते. म्हणून तो किमान खरेदीची हमी मागतो. अपेक्षित उत्पादनाच्या काही टक्के वीज ग्राहकाने घेतलीच पाहिजे, न घेतल्यास तिचे पैसे दिले पाहिजेत, अशी ही अट असते. ग्राहकाच्या कारणाने संच बंद राहिला, तर त्या काळात जितकी वीज झाली असती ती ‘मानीव उत्पादन’ धरून आकारली जाते.

या कलमात कोणती कारणे कोणाच्या खाती जातात, हे पाहावे लागते. छतावर बसवलेले साधारण इन्व्हर्टर वितरण कंपनीचा पुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतात. दिवसा तीन तास भारनियमन झाल्यास त्या वेळचे उत्पादन बुडते. यात ग्राहकाचा दोष नसतो आणि विकासकाचाही नसतो. तरीही काही करारांत ते मानीव उत्पादन म्हणून ग्राहकावर टाकलेले असते. पुरवठा खंडित होणे, साप्ताहिक सुट्टी, संप, साथीमुळे आलेली टाळेबंदी व छताची दुरुस्ती यांसाठी वर्षातील काही तास किंवा दिवस हिशेबाबाहेर ठेवणे, ही यातील समतोल तरतूद होय.

### मुदत व बाहेर पडण्याची किंमत

कराराच्या सुरुवातीच्या काही वर्षांत ग्राहकाला बाहेर पडता येत नाही. याला बंधनकाळ म्हणतात. त्यानंतर बाहेर पडायचे असल्यास संच विकत घ्यावा लागतो आणि त्याची वर्षनिहाय किंमत दाखवणारा तक्ता कराराला जोडलेला असतो.

वरील संचाची मूळ किंमत ४५ लाख रुपये धरली आणि ती २० वर्षांत समान हप्त्यांनी घटवली, तर पाच वर्षांअखेर खरेदीमूल्य ३३ लाख ७५ हजार रुपये येते. वर्षाला १,१६,००० रुपये वाचवणाऱ्या या उद्योगाची पाच वर्षांची एकूण बचत फार तर सहा लाखांच्या आत असते. याचा अर्थ, कारखाना बंद करण्याची किंवा हलवण्याची वेळ आल्यास तोपर्यंत वाचलेल्या रकमेच्या पाचपटीहून अधिक रक्कम एकाच वेळी द्यावी लागते. भांडवल न लावता सुरू झालेला व्यवहार अशा प्रसंगी मोठ्या देण्यात बदलतो. बँकेकडे कर्ज मागताना हे संभाव्य देणे उघड करावे लागू शकते. जागा विकल्यास नव्या मालकाकडे करार हस्तांतरित करण्याचा हक्क, संच दुसऱ्या जागी हलवण्याची सोय व तिचा खर्च, तसेच वीस वर्षांअखेर संच विनामूल्य किंवा नाममात्र किमतीत ग्राहकाकडे येणे, या तरतुदींनी ही जोखीम कमी होते.

विकासक याशिवाय दोन-तीन महिन्यांच्या बिलाएवढी अनामत रक्कम किंवा बँक हमीही मागतो. बँक हमीसाठी ठेव अडकत असल्याने ‘शून्य भांडवल’ हे वर्णन शब्दशः खरे नसते.

### छत व जागेचा हक्क

संच २० वर्षे टिकायचा असेल तर त्याखालचे छतही तेवढे टिकावे लागते. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असल्यास ते संच बसवण्यापूर्वी बदलण्याचा खर्च कोण करणार, हे आधी ठरते. पॅनेल व सांगाडा मिळून दर चौरस मीटरला साधारण १२ ते १५ किलो भार येतो आणि त्यात वाऱ्याच्या उचलीचा जोर मिळवावा लागतो. त्यामुळे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र घेतले जाते. पत्र्याला छिद्रे पाडून सांगाडा बसवल्यास पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात गळती दिसते. गळतीची दुरुस्ती व खाली भिजलेल्या मालाची भरपाई विकासकाकडे असल्याचे करारात स्पष्ट नसेल, तर ती ग्राहकाच्याच माथी येते. काम सुरू होण्यापूर्वी छताची छायाचित्रे दोन्ही पक्षांच्या सहीने जपून ठेवल्यास जुनी गळती कोणती व नवी कोणती, हे दाखवता येते.

ग्राहक स्वतः भाडेकरू असेल तर जागामालकाची लेखी संमती लागते. जागेच्या भाडेपट्ट्याची उरलेली मुदत वीज कराराच्या मुदतीपेक्षा कमी असल्यास दोन्हींत विसंगती निर्माण होते. छतावर ये-जा करण्याचा हक्क विकासकाला दिला जातो, पण त्यातून इमारतीवर कोणताही मालकीहक्क निर्माण होत नाही, असे नमूद करण्याची प्रथा आहे.

### विकासकाची दिवाळखोरी

संच विकासकाच्या कर्जापोटी बँकेकडे तारण असतो. विकासकाने कर्ज थकवल्यास बँक तो ताब्यात घेऊ शकते किंवा दुसऱ्या कंपनीकडे सोपवू शकते. या व्यवसायाचा पाया घालणाऱ्या सनएडिसननेच एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला होता. तिचे भारतातील प्रकल्प पुढे ग्रीनको या कंपनीने घेतले. मालक बदलला तरी करार चालू राहतो, परंतु मधल्या काळात देखभाल थांबण्याचा धोका असतो. विकासकाने ठरावीक दिवसांत बिघाड दुरुस्त न केल्यास ग्राहकाने तो दुरुस्त करून घ्यावा व खर्च बिलातून वजा करावा, नव्या मालकावर कराराच्या सर्व अटी बंधनकारक राहाव्यात आणि विकासकाने करार मोडल्यास संच स्वखर्चाने काढून छत पूर्ववत करावे, या तीन तरतुदी यासाठी केल्या जातात.

### वाद

वितरण कंपनीविरुद्धच्या तक्रारींसाठी असलेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच विकासक व ग्राहक यांच्यातील वादासाठी नसतो. हे वाद सामान्यतः लवाद व समेट कायदा, १९९६ नुसार लवादाकडे जातात. लवादाचे ठिकाण विकासकाच्या मुख्यालयाच्या दूरच्या शहरात ठेवलेले असल्यास लहान उद्योगाला किरकोळ रकमेसाठी दाद मागणे परवडत नाही.

## पॉवर फॅक्टरचा प्रश्न

संच सुरू झाल्यावर पहिल्याच बिलात उद्‌भवणारी, पण प्रस्तावात क्वचित उल्लेखली जाणारी अडचण पॉवर फॅक्टरची आहे. मोटारींना प्रत्यक्ष काम करणाऱ्या शक्तीबरोबर चुंबकीय क्षेत्रासाठी प्रतिघाती शक्तीही लागते. इन्व्हर्टरची मांडणी सामान्यतः केवळ प्रत्यक्ष शक्ती देण्यासाठी केलेली असते. प्रतिघाती शक्ती संपूर्णपणे वितरण कंपनीकडूनच घेतली जाते.

कारखान्याचा भार १०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ असताना सुमारे ३३ किलोवार प्रतिघाती शक्ती लागते. दुपारी सौर संचाने ८० किलोवॅट दिले की वितरण कंपनीकडून २० किलोवॅट आणि तेवढीच ३३ किलोवार घेतली जाते. त्या क्षणी वितरण कंपनीच्या मीटरला पॉवर फॅक्टर सुमारे ०.५२ दिसतो. कारखान्यात काहीही बिघडलेले नसते, पण दंड किंवा केव्हीएएच पद्धतीतील वाढीव युनिट यांमुळे बचतीचा काही भाग परत जातो.

संच सुरू होण्यापूर्वीच्या व नंतरच्या बिलांवरील पॉवर फॅक्टरचा आकडा शेजारी ठेवल्यास हा दोष लगेच ओळखता येतो. इन्व्हर्टरची मांडणी बदलून त्यातूनच प्रतिघाती शक्ती घेणे, किंवा स्वयंचलित कपॅसिटर पॅनेलचे मापन सौर जोडणीच्या आधी, वितरण कंपनीच्या मीटरजवळ आणणे, हे त्यावरील उपाय आहेत. ही जबाबदारी व दंडाची भरपाई विकासकाची असल्याचे करारात लिहून घेता येते.

## दूरच्या प्रकल्पातून वीज

छत अपुरे असलेले उद्योग दूरच्या सौर प्रकल्पातून वीज घेतात. हा व्यवहार वितरण जाळ्यातून होत असल्याने त्यावर वहन आकार व क्रॉस-सबसिडी अधिभार लागतो. प्रकल्प ‘स्वउपयोगी’ ठरल्यास हा अधिभार टळतो. त्यासाठी वीज नियम, २००५ नुसार वापरकर्त्यांकडे प्रकल्पाची किमान २६ टक्के मालकी असावी लागते आणि वार्षिक उत्पादनाच्या किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरावी लागते. स्वउपयोगी ग्राहकांना अतिरिक्त अधिभारही लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात दिला. २६ टक्के भागभांडवल घालावे लागत असल्यामुळे हा मार्ग बिनभांडवली नाही. वर्षअखेर वरील दोन्हींपैकी एक अट जरी मोडली, तरी संपूर्ण वर्षाचा अधिभार भरावा लागू शकतो.

## उपयुक्ततेच्या मर्यादा

प्रति युनिट करार ज्या आस्थापना आठवड्याचे सातही दिवस दिवसा वीज वापरतात, ज्यांची जागा स्वतःची आहे व ज्यांचे छत नवे आहे, त्यांना सर्वाधिक मानवतो. शीतगृह व सतत चालणारी प्रक्रिया ही याची उदाहरणे होत. एकाच पाळीत चालणारा, भाड्याच्या शेडमधील किंवा हंगामी उद्योग वरील उदाहरणातील लहान बचतीच्या जवळ येतो. अशा उद्योगाने उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवशी दुपारी असणारा किमान भार मोजून तेवढ्याच क्षमतेचा लहान संच घेतल्यास किमान खरेदीच्या अटीमुळे होणारा तोटा बहुतांशी टळतो. बँकेचे कर्ज मिळू शकणाऱ्या उद्योगासाठी कर्ज घेऊन संच विकत घेणे हा तिसरा पर्याय असतो. त्यात हप्ता संपल्यावर उरलेल्या वर्षांची वीज जवळजवळ देखभालीच्या खर्चात मिळते आणि घसाराही स्वतःला घेता येतो. मात्र उत्पादन, बिघाड व इन्व्हर्टर बदलणे यांची सर्व जोखीम मालकाकडे राहते.